गणपतीला गावी जाताय? कामं अशी सोपवा

अकाउंट्समध्ये असाल आणि ५ ते १९ सप्टेंबर अशी रजा मंजूर झाली असेल, तर आधी अभिनंदन. ७ तारखेचा टीडीएस, ११ ची जीएसटीआर-१, १५ चा पीएफ आणि ईएसआय, सगळं अलगद दुसऱ्याच्या गळ्यात. मुहूर्त काढावा तर असा!

आउट ऑफ ऑफिसच्या मेसेजात ‘तातडीचं असल्यास संपर्क साधा’ असं लिहून माझं नाव टाका. मला मात्र कळवू नका. आउटलुकमध्ये कंपनीबाहेरच्यांसाठी मजकुराचा वेगळा रकाना असतो, तो कोराच राहू द्या. व्हेंडर दोन आठवडे तुम्हालाच मेल करत राहतील आणि मग एकदम डायरेक्टरांना फोन लावतील.

हँडओव्हर नोट एका ओळीची असावी: ‘सगळं फोल्डरमध्ये आहे.’ कुठल्या फोल्डरमध्ये, हे विचारणारा नवखा.

डीएससीचं टोकन ड्रॉवरमध्ये, किल्ली मालवणात.

आता ओटीपी. बँकेत मेकर तुम्ही, त्यामुळे ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येणार. म्हणून ७ तारखेला फोन आरतीच्या वेळी घरात आणि एरवी रेंज नसलेल्या परड्यात ठेवावा. इकडे मी चलन बनवून बसलेय, चेकर साहेब ‘माझ्याकडे काही आलंच नाही’ म्हणतायत. येईल कसं? मेकरचा ओटीपी पडल्याशिवाय त्यांच्याकडे जातच नाही. संध्याकाळी फोन लागला की म्हणायचं, ‘अगं, एक दिवसाने काय होतंय?’ काय होतंय? ऑगस्टात कापलेला टीडीएस ८ सप्टेंबरला भरला की ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने धरतात. महिन्याला दीड टक्का, म्हणजे एका दिवसाच्या उशिराला ३ टक्के व्याज! आणि साहेबांनी ‘असं कसं झालं’ विचारलं ते मला. कारण मेसेजात नाव माझं!

पुरे झालं. गावी जा, दोन आठवडे जा, हक्काची रजा आहे, फोनही उचलू नका. पण जाण्याआधी अर्धा तास शेजारी बसा की राव! तारखा लिहा. प्रत्येक तारखेपुढे फाईल कुठे आहे, कुणाची मंजुरी लागते आणि ओटीपी कुणाकडे येतो, एवढं लिहा. बँकेत दुसरा मेकर जोडायला डायरेक्टरांच्या सहीचं पत्र लागतं, ते रजेच्या अर्जासोबतच द्या, निघायच्या संध्याकाळी नाही. आणि एखादं चलन तुमच्यासमोर मला एकदा भरू द्या.

खाजं आणलंत, छान. व्याजाचं चलन तुमच्या टेबलावर ठेवलंय. साहेबांना उत्तर तुम्हीच द्यायचंय, आज.