कोऑर्डिनेट दोन आले म्हणजे नकाशा खोटा?

"एका जागेला कोऑर्डिनेट एकच असतो. दोन ठिकाणी दोन आले की त्यातला एक नकाशा खोटा, नाहीतर मोजणाऱ्यानं जागा सरकवली. आणि ते यूटीएमचे लांबलचक नंबर लोकांना कळू नयेत म्हणूनच काढलेत."

शेवटचं आधी घेतो, ते लगेच संपतंय. अंबाबाईचं देऊळ मोबाईलवर १६.६९५ उत्तर, ७४.२२३ पूर्व असं दिसतं, तेच यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरनं मोजायच्या पद्धतीत, पट्टा म्हणजे झोन ४३, पूर्वेकडचा आकडा म्हणजे ईस्टिंग साधारण ४,१७,२०० आणि विषुववृत्तापासून उत्तरेचा म्हणजे नॉर्थिंग १८,४६,०००. फक्त अंशाऐवजी मीटर आले. झोनची मधली रेघ ७५ रेखांशावर, तिला ५,००,००० धरतात म्हणजे उणे आकडे येत नाहीत, देऊळ तिच्या पश्चिमेला ८३ किलोमीटर, करा वजाबाकी. लपवलंय काय यात?

आता खोट्या नकाशाचं. आम्ही तिघं पन्हाळ्याच्या बाजूला एक जुनी विहीर शोधत होतो, जुन्या टोपोशीटवरून अक्षांश-रेखांश काढले, मोबाईलात टाकले आणि पोचलो थेट उसात. विहीर निघाली तिथनं वायव्येला दीडशेएक मीटरवर. मग त्याच शीटवरचं एक देऊळ आणि एक तिकटी बघितली, तर तीच दिशा आणि जवळपास तेवढंच अंतर. इथंच कळतं बघा, मोबाईलची चूक असती तर कधी इकडं कधी तिकडं आणि पाच-दहा मीटरची असती, सगळं एकाच बाजूला सरकलं म्हणजे डेटम वेगळा.

डेटम म्हणजे पृथ्वीचा आकार केवढा धरला आणि तो कुठं बसवला. जुनी टोपोशीटं एव्हरेस्ट नावाच्या सर्वेक्षकानं १८३० मध्ये धरलेल्या आकारावर, मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला आधार धरून केलेली. मोबाईलातलं `WGS 84` पृथ्वीच्या केंद्रावर बसवलेलं आणि त्याची विषुववृत्ताची त्रिज्या एव्हरेस्टपेक्षा आठशेवर मीटरनं जास्त. त्यामुळं आपल्याकडं मोबाईलचा अक्षांश शीटपेक्षा साधारण ४ सेकंदांनी जास्त येतो आणि रेखांश ३ सेकंदांनी कमी, म्हणजे १२० मीटर उत्तर, ८० मीटर पश्चिम. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर, आम्हीच एकाचा आकडा दुसऱ्यात घातला.

राहिलं मोजणाऱ्याचं. कुणी बांध सरकवतच नाही असं म्हणत नाही मी, पण दोन कागदांवरचे आकडे वेगळे एवढ्यावरून ते ठरत नाही, आधी दोन्हींचा डेटम आणि झोन विचारा. शीटच्या कडेला बारीक अक्षरात असतं, आपण तेवढंच वाचत नाही.

हातातल्या जीपीएसच्या सेटिंगमध्ये जुना भारतीय डेटम निवडला की आकडे शीटशी जुळतात, पण ते रूपांतर ढोबळ असतं, दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं होतंच. विहीर सापडायला बास झालं. बांधाच्या भांडणात ते धरून बसू नका, तिथं फूटभरावरनं डोकी फुटत्यात.