माल काय, जायचं कुठे

रात्री बारा चाळीसला फोन थरथरला. आमच्या घरी एवढ्या रात्री फोन वाजतो तो दोनच कारणांनी. एक तर गावाकडे कुणीतरी गेलेलं असतं, नाही तर कंपनीच्या गेटवर रात्रपाळीचा वॉचमन आलेला नसतो. मी चष्मा शोधला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या चिरंजीवांचा मेसेज होता: 'काका नोकरी असेल तर सांगा.'

एवढंच. कसली, कुठे, कधी, काहीच नाही.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात एकोणीस वर्षं आहे. हजेरी, पगार, पीएफ, रजा आणि कॅन्टीनच्या उसळीत निघालेला खडा, हे सगळे विषय माझ्याकडे येतात. त्यामुळे कळव्यात आमच्या इमारतीत असा समज आहे की, माझ्या टेबलाच्या खणात नोकऱ्या ठेवलेल्या असतात आणि मी त्या माणूस बघून देतो.

सकाळी जिन्यात चिरंजीव भेटले. विचारलं, "कसली नोकरी हवी?"

"काहीही चालेल, काका."

हे दोन शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. एकोणीस वर्षांत 'काहीही चालेल' म्हणणाऱ्या माणसाला काहीही चाललेलं मी पाहिलेलं नाही. अटी असतातच, फक्त त्या आपण जागा शोधून आणल्यावर एकेक करून बाहेर येतात.

बायोडाटा मागितला. आला. `Resume_New_Final.pdf`. त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि 'छंद : क्रिकेट' होतं. बी.कॉम.चं वर्ष होतं. वर एक 'ध्येय' होतं, ते इंग्रजीत आणि इतकं भारदस्त, की तेवढ्यावरून त्याला थेट संचालक मंडळावर घ्यावं. 'अनुभव' या शब्दापुढे एक आडवी रेघ. आणि तळाशी, वरील सर्व माहिती सत्य आहे अशी प्रतिज्ञा. वर माहितीच नसल्यामुळे ती खरी असण्याबद्दल मला शंका नव्हती.

तरीही कामाला लागलो. तळोजा एमआयडीसीत एका ओळखीच्या माणसाकडे स्टोअर असिस्टंट हवा होता. मी आधी विचारून घेतलं होतं, "नवी मुंबई चालेल ना?" "हो, पळेल." मी शब्द टाकला, भेटीची वेळ ठरवली. आदल्या संध्याकाळी वहिनी वर आल्या, हातात वाटीभर शिरा. शिरा आला की मी ओळखतो.

"भावोजी, तळोजा म्हणजे फारच लांब हो."

"वहिनी, त्यानेच नवी मुंबई चालेल म्हटलं."

"पण नवी मुंबई म्हणजे ऐरोली, घणसोली. तळोजा कुठली नवी मुंबई? तो रायगड जिल्हा."

भूगोल बरोबर होता. गंमत अशी की, याच वहिनींच्या भावाने पनवेलच्याही पुढे फ्लॅट घेतला तेव्हा पेढे वाटताना 'नवी मुंबईत घेतला' असंच सांगितलं होतं. घर घ्यायचं असलं की नवी मुंबई खोपोलीपर्यंत पसरते, नोकरीला जायचं असलं की ऐरोलीच्या पुलावरच संपते.

बरं, ऐरोली. तिथे एका कॉल सेंटरमध्ये भरती होती, घरापासून न्यायला गाडी. फक्त पाळी रात्रीची. "रात्रीचं जागरण त्याला अजिबात सोसत नाही," वहिनी म्हणाल्या. मला बारा चाळीसचा मेसेज आठवला, पण तोंडात शिरा होता.

मग रबाळेतच, आमच्या मागच्या गल्लीत, पॅकिंगवर सुपरवायझर. दिवसाची पाळी, ठाण्याहून गाडीने दिघा गाव, ऐरोली आणि तिसरं रबाळे. यात खोट काढायला जागाच नव्हती. चिरंजीव गेले, परत आले, नको म्हणाले.

"आता काय झालं?"

"सातची पाळी आहे, काका."

"मग?"

"पाणी."

आमच्या इमारतीत पालिकेचं पाणी पावणेसातला येतं आणि तासाभरात जातं. तेवढ्यात पंप चालू करायचा, हवा धरली असेल तर नळी काढून त्यात पाणी ओतायचं, टाकी भरली की बंद करायचा. वॉचमन सोडून गेल्यापासून दीड वर्ष हे काम हा मुलगा करतोय, एक पैसा न घेता. मी रोज सकाळी आठला शॉवरखाली उभा राहून नवी पिढी कशी आळशी आहे याचा विचार करत होतो, तो शॉवर याने भरलेल्या टाकीचा होता. सातच्या पाळीला मीच त्याला लावून दिलं असतं, तर सोळा बिऱ्हाडांनी पारोसं राहून माझा सत्कार केला असता.

त्या दिवशी मी खुर्ची ओढून त्याला समोर बसवलं. पोलीस बसवतात तसं नाही, पण साधारण तसंच.

"बी.कॉम. होऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून काय करत होतास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? रोज सकाळी डबा घेऊन जाताना दिसायचास."

"ते मामाकडे. कळंबोलीला. मामाचं ट्रान्सपोर्ट आहे."

"तिथे काय करायचास?"

"काही नाही. बिल्टी फाडायचो. ई-वे बिल बनवायचो."

मी हातातला चहा खाली ठेवला. आमच्या पट्ट्यात डिस्पॅचला ई-वे बिल, म्हणजे गाडीतल्या मालासोबत लागणारा जीएसटीचा कागद, नीट जाणणारा मुलगा मिळत नाही म्हणून लोक महिनामहिना जागा मोकळ्या ठेवतात, आणि हा त्याला 'काही नाही' म्हणतोय. मी आमच्या डिस्पॅचवाल्याकडून ऐकलेला एक प्रश्न टाकून पाहिला. रबाळेहून नागपूरला माल आहे, बिल किती दिवस चालेल?

"समृद्धीवरून गेलं तरी सातशेच्या वर किलोमीटर, काका. दोनशेला एक दिवस, वरच्या तुकड्याला आणखी एक. म्हणजे ४ दिवस. पण घड्याळ बिल काढल्यावर सुरू होत नाही. पार्ट बीमध्ये गाडीनंबर टाकला की सुरू होतं. माल नुसता इथून मामाच्या गोदामापर्यंत, ५० किलोमीटरच्या आत न्यायचा असेल, तर तेवढ्यापुरता पार्ट बी लागतच नाही."

"आणि गाडी वाटेत बंद पडली तर?"

"मुदत वाढवायची. संपायच्या आधी ८ तास आणि नंतर ८ तास, एवढ्यातच वाढवता येते. तेवढ्यात नाही जमलं तर ड्रायव्हर रडतो."

हे सगळं त्याने पंख्याकडे बघत सांगितलं. जणू मी त्याला नऊचा पाढा विचारला होता.

"मग बायोडाट्यात अनुभवापुढे रेघ का?"

"ती नोकरी थोडीच होती? मामाकडे होतो."

आता माझी पाळी होती. म्हटलं, "समज, तुला एक व्यापारी फोन करतो. म्हणतो, ई-वे बिल बनव. माल काय ते सांगत नाही, किंमत सांगत नाही, कुठून कुठे ते नाही, गाडी कुठली ते नाही. विचारलं तर म्हणतो, काहीही चालेल. तू काय करशील?"

"फोन ठेवीन. सिस्टिम घेतच नाही, काका. पिनकोड नसेल तर अंतरच काढत नाही."

मी काही बोललो नाही. तो थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिला, मग हसला.

लग्नपत्रिकेचं एक पाकीट पालथं घातलं आणि त्याच्यावर पार्ट ए लिहायला घेतला. माल : बी.कॉम., टॅली, बिल्टी, ई-वे बिल. कुठून : कळवा, ४००६०५. कुठे : रबाळे, घणसोली, फार तर तुर्भे; गाडी एकदाच बदलायची, ती ठाण्याला. वेळ : सकाळी साडेनऊनंतर कधीही, रात्री नऊ वाजले तरी हरकत नाही. ही शेवटची ओळ त्याने सांगितली तेव्हा मला त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. डिस्पॅचचं काम असतंच दुपारनंतरचं. माल दिवसभर बनतो, गाड्या संध्याकाळी भरतात, आणि महिनाअखेरीला तर साहेब घरी गेल्यावरच खरा माल निघतो. जो मुलगा तीन ठिकाणी अडला होता तो या एका खुर्चीसाठी मापाने शिवल्यासारखा होता.

किंमत राहिली. "पंचवीस," तो म्हणाला.

"हातात की सीटीसी?"

"म्हणजे?"

मग पाकिटाच्या उरलेल्या कोपऱ्यात तोही हिशोब मांडला. कंपनी २५,००० सांगते आणि बेसिक १५,००० धरते. त्या २५,००० मध्येच कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२२ धरलेले असतात. उरले २२,४७८. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ आणखी १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्सचे २०० गेले, की हातात २०,४७८. फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण त्या महिन्यात टॅक्स ३०० असतो. तो आकड्यांकडे असा बघत राहिला, जणू हे पैसे मीच खिशात घातले. भरती करणारा माणूस याच ठिकाणी गप्प बसतो आणि मुलगा पहिल्या पगाराला टाइम ऑफिसात भांडायला येतो. म्हणून सवयीने आधीच सांगितलं.

एक अडचण उरली होती. मामा पगार रोख द्यायचे, तोही मूड बघून. ना स्लिप, ना पीएफ नंबर. कागदावर मुलगा कोराच. मी म्हटलं, मामांच्या लेटरहेडवर पत्र आण. तारीख कधीपासून कधीपर्यंत, काम कोणतं, आणि फोन नंबर असा दे की जो उचलला जातो. दोन दिवसांनी पत्र आलं. वर गणपती, मग 'आमचा भाचा लहानपणापासून शांत व आज्ञाधारक असून त्यास कसलेही व्यसन नाही'. तारखा नाहीत, काम नाही. ते लग्नाच्या स्थळाला पाठवण्याजोगं पत्र मी बाजूला ठेवलं आणि दुसरं स्वतः टाइप करून दिलं. मामांनी न वाचता सही केली. ट्रान्सपोर्टवाले सही करताना फक्त वजन बघतात.

मुलाखत झाली. तिथल्या साहेबांनी पार्ट बीचंच विचारलं. आता तो घणसोलीत साडेदहा ते साडेसात आहे, हातात वीसच्या वर पडतात आणि पंप रोज वेळेवर चालू होतो. वहिनींनी पेढे आणले. 'नवी मुंबईत लागला' म्हणाल्या.

परवा रात्री पुन्हा बारा चाळीसला फोन थरथरला. त्याचाच मेसेज. 'काका, माझ्या मित्रासाठी. आयटीआय फिटर, तीन वर्षं मेंटेनन्सचा अनुभव, पीएफ नंबर आहे. राहतो दिव्याला. रबाळे ते तुर्भे कुठेही, तिन्ही पाळ्या चालतील, हातात अठरा.'

एकोणीस वर्षांत असा मेसेज मला पहिल्यांदा आला. मी तो दोनदा वाचला, बायकोला उठवून वाचून दाखवला.

फिटरची जागा आमच्याकडे गेल्याच आठवड्यात भरली.