किलोमीटरचा दर सांगण्याआधी गाडीचे दिवस मोजा

एक-दोन मालवाहू गाड्यांचे मालक भाडं ठरवताना डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता जोडतात, वर थोडा नफा ठेवतात आणि किलोमीटरला दर सांगून मोकळे होतात. माझं ठाम मत आहे की नुकसान इथूनच सुरू होतं. गाडीचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक चाक फिरलं की होतो आणि दुसरा दिवस उजाडला की होतो. या दोन्हींचा मिळून एकच दर काढला की उभ्या गाडीचा खर्च कुठेच दिसत नाही.

एक फेरी मांडून बघू. आकडे हिशेबाला सोपे घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. सहा टायरची गाडी, जाताना ४०० किलोमीटर भरलेली आणि येताना तेवढंच अंतर रिकामी. भरलेली गाडी लिटरला ५ आणि रिकामी ८ देते असं धरलं, तर ८० आणि ५० मिळून १३० लिटर डिझेल लागेल. लिटरला १०० रुपये धरले तर १३,००० झाले. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं ॲव्हरेज वेगवेगळंच काढा, तेही टाकी फुल ते टाकी फुल. दोन्हींचं मिळून एकच ॲव्हरेज धरलं, तर परतीचं भाडं मिळालेल्या फेरीत हिशेब चुकतो.

टायरचा खर्च रोज दिसत नाही, म्हणून तो बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो. सहा टायरचे १,२०,००० आणि आयुष्य ६०,००० किलोमीटर धरलं, तर किलोमीटरला २ रुपये, म्हणजे या फेरीचे १,६००. पण हे आयुष्य गृहीत धरू नका. प्रत्येक टायरचा नंबर आणि तो चढवला तेव्हाचं किलोमीटर वहीत लिहा. मागच्या जोडीतला आतला टायर बघायला वाकावं लागतं, म्हणून त्याची हवा तपासायची राहून जाते. हवा कमी झाली की तो दबतो, तापतो आणि त्याचा भार बाहेरच्यावर जातो. मग दोन्ही टायर मुदतीआधी जातात आणि २ रुपयांचे ३ कधी झाले ते कळत नाही.

ऑइल, ब्रेक, सर्व्हिसिंगचे तेवढेच १,६००. टोल किलोमीटरवर पसरू नका, त्या रस्त्याचा प्रत्यक्ष आकडाच घ्या. इथे येऊन-जाऊन २,४०० धरू.

आता दिवसाचा खर्च. ड्रायव्हरचा पगार, हप्ता, विमा, कर, परवाने मिळून महिन्याला ६०,००० होतात असं समजा. याला ३० ने भागणं चूक आहे, कारण गॅरेजचे आणि सुट्टीचे दिवस गाडी कमवत नाही. २५ ने भागा, दिवसाला २,४०० येतील. त्यात रोजचा भत्ता ५०० मिळवला की बाहेर असलेल्या गाडीचा एक दिवस २,९०० ला पडतो. फेरी तीन दिवसांची, म्हणजे ८,७००.

एकूण २७,३०० झाले. ८०० किलोमीटरला भागलं तर ३४ रुपये येतात, पण पैसे देणारं अंतर ४०० च आहे. म्हणून खरा दर किलोमीटरला ६८ च्या वर जातो, आणि त्यात नफा अजून धरलेलाच नाही.

आता समजा माल उतरवायला दोन दिवस खोळंबा झाला. ५,८०० वाढले, दर ६८ वरून जवळपास ८३ वर गेला. याच फेरीत ड्रायव्हरने काळजीपूर्वक चालवून पाच टक्के डिझेल वाचवलं, तर ६५० रुपये वाचतात. डिझेल वाचवायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण साडेसहा लिटरसाठी ड्रायव्हरशी हुज्जत घालणारा मालक दोन दिवसांच्या खोळंब्याबद्दल पार्टीला एक शब्द बोलत नाही, हे बघून वाईट वाटतं.

परतीच्या भाड्याचा निर्णयही याच आकड्याने होतो. रिकामं येण्याऐवजी भरून आलं तर ३० लिटर डिझेल जास्त लागतं, म्हणजे ३,०००. भरायला-उतरवायला एक दिवस जातो, त्याचे २,९००. भाडं १२,००० मिळणार असेल तर हातात ६,१०० उरतात, आणि त्यातून दलाली, हमाली जायची आहे. वाट बघण्याचा प्रत्येक दिवस आणखी २,९०० खातो. म्हणजे एक दिवस थांबणं परवडतं, दुसऱ्या दिवशी जवळजवळ काहीच उरत नाही. अर्थात घरी पुढचं काम ठरलेलं असेल तरच हा हिशेब खरा. काम नसेल तर गाडी इथे उभी काय आणि तिथे उभी काय, रोजचे २,४०० जाणारच. तेव्हा थांबण्याचा जादा खर्च फक्त भत्त्याचा, म्हणून आणखी थांबायला हरकत नाही.

खोळंब्याचे पैसे मागायचे तर भाडं ठरवतानाच बोलून घ्या: उतरवायला किती तास फुकट आणि त्यानंतर दिवसाचे किती. ते किती, हे वर काढलंच आहे, २,९०० च्या खाली येऊ नका. गाडी गेटवर पोहोचल्याची आणि रिकामी झाल्याची वेळ ड्रायव्हरने बिल्टीवर लिहून तिथल्या माणसाची सही घ्यायला हवी. ती सही नसेल तर पार्टी सांगते की गाडीच उशिरा आली.