उत्तर ७१.४ आलं, म्हणून प्रयोग बरोबर?

«पृष्ठताण काढायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे केशनलिका. त्रिज्या पाकिटावर छापलेलीच असते. पाणी आणि काच यांचा स्पर्शकोन शून्य, म्हणून cos θ सरळ १ धरा. पट्टीने उंची मोजा आणि T = hrρg/2 मध्ये घाला. उत्तर ७२ च्या आसपास आलं की प्रयोग बरोबर, कमी आलं तर पाणी अशुद्ध.»

हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो जवळजवळ प्रत्येक पायरीला फसवतो. आधी त्रिज्येचं बघू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. पाकिटावर ‘०.५ मिमी’ असतं तो आतला व्यास, आणि तोही नाममात्र. काच तापवून ओढताना नळी सगळीकडे सारखी राहत नाही. एका टोकाला ०.५० मिमी असलेला व्यास दुसऱ्या टोकाला ०.४६ असू शकतो. म्हणून आमची बरीच मुलं पाण्यात बुडवलेल्या टोकाचा व्यास मायक्रोस्कोपखाली मोजतात आणि आपण फार काटेकोर काम केलं असं समजतात. पण त्या टोकाचा इथे काही संबंधच नाही. पाण्याचा स्तंभ तोलून धरतो तो वरचा वक्र पृष्ठभाग, त्यामुळे तो जिथे थांबलाय तिथलीच त्रिज्या सूत्रात जाते. खाली नळी रुंद असो की अरुंद, दाबाला फक्त उंची कळते. जेम्स ज्युरिनने १७१८ मध्ये दोन वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या जोडून हेच दाखवलं होतं. खालचा भाग कितीही रुंद असला, तरी पाण्याचा माथा अरुंद भागात असेल तर उंची अरुंद नळीचीच मिळते. (अट एवढीच की पाणी आधी ओढून तिथवर न्यावं लागतं.)

तेव्हा उंचीचं वाचन झालं की माथ्याच्या जागी खूण करायची, कानशीने चरा पाडून नळी तिथेच मोडायची आणि तुटलेल्या तोंडाचे एकमेकांना काटकोनात असलेले दोन व्यास घ्यायचे. नळी मोडायला मुलांना जिवावर येतं, पण इलाज नाही. इतकं करूनही एक मर्यादा उरतेच. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचं लघुतम माप ०.०१ मिमी आहे. ६३ मिमी उंचीत ते नगण्य, पण ०.४६ मिमी व्यासात तेच दोन टक्के होतं. यापेक्षा बारकाईने हवं असेल तर जुनी पाऱ्याची रीत आहे. नळीत पाऱ्याचा ४० मिमी लांबीचा धागा घेऊन त्याचं वजन करायचं, या नळीत ते ९० मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. त्रिज्या वजनाच्या वर्गमुळावर अवलंबून असल्यामुळे वजनातली एक टक्का चूक त्रिज्येत अर्ध्या टक्क्याची होते. तोच धागा नळीत पुढे-मागे सरकवला आणि त्याची लांबी बदलली, तर नळी निमुळती आहे हे लगेच कळतं. पारा विषारी आहे, तेव्हा हे काम ट्रेमध्ये आणि कोणीतरी जाणतं माणूस शेजारी असतानाच.

आता स्पर्शकोन. तो शून्य असतो, पण फक्त स्वच्छ आणि आधीच ओल्या झालेल्या काचेवर. बोटाचा तेलकटपणा पुरतो आणि कोन वीस अंशांवर जातो. गंमत अशी की कोसाइन सुरुवातीला फार उदार असतो. कोन ५ अंश असला तरी फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आणि ८ अंशाला जेमतेम एक टक्का. पण २० अंशाला सहा टक्के आणि ३० ला तेरा टक्क्यांहून जास्त. थोडक्यात, कोन ‘जवळजवळ शून्य’ असला तरी चालतं, पण तो तसा आहे हे तपासल्याशिवाय चालत नाही. तक्त्यातला आकडा तुमच्या हातातल्या नळीचा नसतो.

तपासणी सोपी आहे. कोरडी नळी बुडवून पाणी आपोआप चढू द्या आणि उंची वाचा. मग नळी आणखी खोल बुडवून हळूच पहिल्या जागी वर घ्या. आता माथा ओल्या भिंतीवरून खाली सरकत येतो. दोन्ही वेळा पाणी एकाच उंचीवर थांबलं तर कोन शून्याजवळ. खाली येताना ते जास्त उंचीवर अडलं, तर काच मळकी आहे. चांगला प्रयोग करणारा म्हणून नेहमी दुसऱ्या रीतीने, माथा खाली आणूनच वाचन घेतो.

उंचीसाठी पट्टी का नको, तेही सांगतो. चंचुपात्रातलं पाणी काचेच्या कडेला वर चढलेलं असतं, त्यामुळे शून्य नेमका कुठे धरायचा हे पट्टीला कळत नाही. त्यासाठी नळीला एक सुई बांधतात आणि तिचं टोक नळीपासून थोडं दूर पाण्याला जेमतेम टेकवतात. मग पात्र काढून घेऊन टोकाचं वाचन घेतात. माथ्याच्या तळापर्यंतच्या उंचीत r/3 मिळवायचा, हे पुस्तकात असतं आणि तोंडी परीक्षेत हटकून विचारतात. आपल्या नळीत तो ०.०८ मिमी भरतो. त्रिज्या चार-पाच टक्क्यांनी चुकवून याच्यामागे लागणं म्हणजे दरवाजा उघडा ठेवून खिडकीला कडी लावणं.

पाणी अशुद्ध असल्याची सबब मला फारशी पटत नाही. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी पृष्ठताणात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. साबणाचा अंश मात्र पडझड करतो, आणि तो बहुतेक वेळा नीट न विसळलेल्या पात्रातून येतो.

मात्र ‘७२ आलं की बरोबर’ हे सगळ्यात घातक. एका बॅचमधलं उदाहरण बघा. पाणी २८ अंश सेल्सिअस, म्हणजे अपेक्षित मूल्य सुमारे ७१.५ मिलिन्यूटन प्रति मीटर. पाकिटावरची त्रिज्या ०.२५ मिमी, उंची ५८.६ मिमी. उत्तर ७१.४! मुलगी खूश. तिला नळी धुवायला सांगितली. तिने ती विरल नायट्रिक आम्लात ठेवली, मग ऊर्ध्वपातित पाण्याने भरपूर खंगाळली. आता उंची ६३.७ आणि उत्तर ७७.७. ‘सर, धुतल्यामुळे बिघडलं,’ ती म्हणाली.

बिघडलं नव्हतं, उघडं पडलं होतं. माथ्याजवळची खरी त्रिज्या ०.२३ मिमी निघाली. ती घातली की धुतलेल्या नळीचं उत्तर r/3 धरून ७१.५ येतं आणि मळक्या नळीचं ६५.८. या दोघांचं गुणोत्तर ०.९२, म्हणजे मळक्या काचेवर कोन २३ अंशांच्या आसपास होता. पहिल्या वेळी त्रिज्या नऊ टक्के जास्त धरली गेली, कोनाने आठ टक्के कमी केलं आणि दोन चुकांनी मिळून एक सुरेख उत्तर दिलं.

एकाच नळीवर अशी फसगत ओळखू येत नाही. म्हणून वेगवेगळ्या जाडीच्या तीन नळ्या घ्या आणि प्रत्येकीसाठी उंची आणि त्रिज्येचा गुणाकार करा. २८ अंशाच्या पाण्याला तो १४.७ चौरस मिमीच्या जवळ यायला हवा. तीन गुणाकार एकमेकांशी जुळत नसतील तर आधी त्रिज्येवर संशय घ्या. तिन्ही जुळतात पण एकजात कमी, तर मळ काचेवर किंवा पाण्यात आहे. नळ्या पुन्हा धुऊनही खाली येतानाचं आणि वर जातानाचं वाचन वेगळंच येत असेल, तर वहीत T लिहू नका. तुम्ही मोजलंय ते T cos θ, आणि या पद्धतीला त्यापलीकडे काही मोजता येत नाही.