किल्लारीचा ६.२ आणि हिंदुकुशचा ७.५

एक दावा ऐकू येतो: “किल्लारी कुठल्याच प्लेटच्या सीमेवर नाही, तरी तिथे भूकंप झाला. म्हणजे प्लेट सरकल्यामुळे भूकंप होतात ही थाप आहे. आणि ६.२ रिश्टरला गावं भुईसपाट होतात, पण २०१५ मध्ये अफगाणिस्तानातल्या हिंदुकुशच्या ७.५ ला दिल्लीत फक्त पंखे हलले! आकडे बनावट आहेत.”

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. किल्लारी प्लेटच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या अवाढव्य तुकड्याच्या, पोटात आहे, सीमा तिकडे हिमालयात. भारताची प्लेट तिथे तिबेटच्या बाजूला रेटत असते, वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर. पण खडकांच्या भेगेत घर्षण इतकं असतं की दोन बाजू अडकून बसतात. मागून रेटा चालूच राहतो, खडक वाकत जातो आणि ताण घर्षणाला भारी पडला की बाजू झटक्यात सरकतात. सीमेवर ताण भराभर साठतो, म्हणून बहुतेक भूकंप तिथेच. तोच रेटा थोड्या प्रमाणात दख्खनच्या पोटातही पोचतो. तिथल्या जुन्या, कमकुवत भेगांत ताण साठायला हजारो वर्षं लागतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे अशीच एक भेग सरकली. सिद्धांत खोटा असता तर उलट दिसलं असतं: लातूरला आणि नेपाळला सारखेच वारंवार भूकंप.

आता आकड्यांचं. ६.२ आणि ७.५ हे मॅग्निट्यूड, आणि मॅग्निट्यूड एका भूकंपाला एकच असतो. भेगेचा किती भाग सरकला, किती सरकला, यावरून तो ठरतो. एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट. हिंदुकुशच्या भूकंपात किल्लारीच्या जवळजवळ ९० पट ऊर्जा होती, यात बनावट काही नाही. हादऱ्याची तीव्रता मात्र गावागणिक वेगळी. ती पडझड पाहून, लोकांना विचारून ठरवतात आणि रोमन आकड्यांत I ते XII अशी लिहितात. किल्लारीत ती VIII च्या वर होती, दूरच्या शहरांत फार कमी.

फरक खोलीने पडला. हिंदुकुशची भेग २०० किलोमीटरहून खोल होती. म्हणजे थेट वरच्या गावालाही हादरा तेवढं अंतर कापूनच पोचला. दिल्ली तर तिथून आणखी हजारेक किलोमीटर लांब. तिथे पंखेच हलणार! त्या भूकंपात सुमारे ४०० माणसं गेली. किल्लारीची भेग फार तर दहा-बारा किलोमीटर खोल, आणि सरकलेला खडक शेतात जमिनीवर उंचवटा करून दिसलासुद्धा.

वर घरं माळवदाची. भिंतीला दगडांचे दोन पदर, मध्ये मातीत घातलेली खडी, दोन्ही पदर बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. गळती थांबवायला दरवर्षी छतावर माती टाकलेली, त्यामुळे डोक्यावर टनांनी ओझं. जमीन आडवी हलली, तसे भिंतीचे पदर एकमेकांपासून सुटले आणि झोपलेल्या माणसांवर कोसळले. आठ-दहा हजार माणसं गेली. तोच ६.२ शंभर किलोमीटर खोल झाला असता, तर मॅग्निट्यूड तेवढाच राहिला असता आणि त्यातल्या बहुतेक भिंती उभ्या राहिल्या असत्या.