पॅडच्या मशीनवर काय लिहायचं?

शाळेत सॅनिटरी पॅडचं व्हेंडिंग मशीन बसणार म्हटलं की पैसे, जागा, वायरिंग सगळं ठरतं आणि मग शेवटी कुणीतरी म्हणतं, एक छानशी टॅगलाइन पण पाहिजे ना. आणि तिथे सगळा घोळ होतो. मी अशा एका शाळेच्या मोहिमेसाठी वाक्यं लिहायला बसले होते, समितीत शिक्षक होते, पालक होते, वरच्या वर्गातल्या दोन मुली होत्या, आणि पहिल्या बैठकीत जी यादी आली ती वाचून मला कळेना की हे पॅडच्या मशीनबद्दल चाललंय का निरोप समारंभाबद्दल. "उमलत्या कळ्यांसाठी एक पाऊल." "तिच्या सन्मानाचा नवा अध्याय." "लाजू नकोस, तू शक्ती आहेस." "स्वच्छ मुलगी, निरोगी मुलगी."

यातल्या एकातही पॅड हा शब्द नाही. पाळी हा शब्द नाही. मशीन कुठे आहे ते नाही. म्हणजे ज्या मुलीसाठी हे सगळं चाललंय तिला ते वाचून काहीही करता येणार नाही.

"लाजू नकोस" वर माझा सगळ्यात जास्त राग आहे. जी मुलगी निवांत पॅड घ्यायला चालली होती तिला भिंतच सांगतेय की बाई गं, ही लाजण्यासारखी गोष्ट आहे बरं का, पण तू लाजू नकोस. पाण्याच्या नळावर कुणी "लाजू नका, पाणी प्या" असं लिहितं का? आणि "स्वच्छ मुलगी" तर त्याहून वाईट, कारण मग पाळी आलेली मुलगी अस्वच्छ असा अर्थ आपोआप निघतो. रक्त आलं, ते पॅडने शोषलं, यात स्वच्छ अस्वच्छ काही नाही. "हुशार मुली तयारीत असतात" असं पण एक वाक्य होतं, ते मी लगेच काढायला लावलं. पाळी सुरू झाल्यावर पहिली एकदोन वर्षं ती अनियमित असणं अगदी नॉर्मल आहे, या वयात दोन पाळ्यांमधलं अंतर 21 दिवसांपासून 45 दिवसांपर्यंत कितीही असू शकतं, मग तयारी करायची कशाच्या जोरावर? मशीन बसवतोय तेच मुळी अचानक आली तर हाताशी असावं म्हणून, आणि त्याच मशीनवर तयारीत नसल्याबद्दल टोमणा, कमाल आहे.

मग मी सगळ्यांना एक प्रसंग डोळ्यासमोर आणायला सांगितला. अकरा-बारा वर्षांची मुलगी, पहिलीच वेळ, तास चालू असताना तिला ओलं ओलं वाटतंय, टॉयलेटमध्ये जाऊन बघते तर रक्त. तिच्याकडे पॅड नाही, आणि पॅड कसं लावायचं हेही तिला माहीत नाही. आता ती भिंतीवर जे वाचेल त्यातून तिला पुढची एक गोष्ट करता आली पाहिजे. ज्या वाक्यातून ते होत नाही ते कितीही गोड असू दे, बाद.

या एका कसोटीवर सगळी यादी गळाली आणि मग खरं काम सुरू झालं, कारण लक्षात आलं की एक टॅगलाइन पुरणारच नाही. ती मुलगी चार ठिकाणी असते, वर्गात, कॉरिडॉरमध्ये, मशीनसमोर आणि टॉयलेटच्या दाराच्या आत, आणि प्रत्येक ठिकाणी तिचा प्रश्न वेगळा असतो.

मशीनवर आम्ही ठेवलं: "पाळी आली? पॅड इथे आहे." एवढंच. कुणीतरी म्हणालं फार साधं वाटतं. साधंच पाहिजे! "मोफत" हा शब्द मात्र तेव्हाच लिहायचा जेव्हा ते खरंच मोफत आहे. स्कॉटलंडने ऑगस्ट 2022 पासून शाळांमध्ये पॅड आणि टॅम्पॉन फुकट देणं कायद्यानेच बंधनकारक केलं, तिथे तो शब्द बिनधास्त लिहिता येतो. पण मशीन नाण्यावर चालणारं असेल तर "नाणं टाक, बटण दाब" हे आधीच स्पष्ट लिहा, आणि नाणं नसेल तर काय करायचं तेही. एक सूचना आली होती की टोकन वर्गशिक्षकांकडून मागून घ्यायचं. अहो, मग मशीन कशाला? कुणाला विचारावं लागू नये यासाठीच तर ते मशीन आहे. शेवटी शाळेने बटणाचंच घेतलं, नाण्याचा प्रश्नच संपला.

कॉरिडॉरमधलं वाक्य म्हणजे निव्वळ पत्ता. "पॅडचं मशीन: पहिला मजला, मुलींचं टॉयलेट, बेसिनच्या बाजूला." याला टॅगलाइन म्हणायचं का असं एका सरांनी विचारलं. म्हणा नाहीतर नका म्हणू, पण हे नसेल तर बाकी सगळं फुकट. आणि अक्षर मोठं पाहिजे. साइनबोर्डवाले एक ढोबळ हिशेब धरतात, दहा फुटांवरून सहज वाचायचं तर अक्षर साधारण एक इंच उंच. आपल्या लिपीत वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये जागा जरा जास्त सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात आणि लांबून नुसती जाळी दिसते.

याच कॉरिडॉरमधून मुलगेही जातात, शिपाईकाका जातात, पाहुणे जातात, त्यांच्यासाठी वेगळं काही लिहायचं का यावर बराच वाद झाला. मला उपदेश नको होता. "मुलींचा आदर करा" वगैरे लिहिलं की पोरं खिदळणार हे नक्की. शेवटी तीन छोटी वाक्यं लावली: "पाळीत रक्त येतं. पॅड ते शोषून घेतं. पॅड या मशीनमधून मिळतं." रक्त हा शब्द बघून दोघातिघांनी नाक मुरडलं. पण वर्षानुवर्षं जाहिरातींमध्ये पॅडवर निळं पाणी ओतून दाखवलं गेलं, ब्रिटनमध्ये बॉडीफॉर्मने 2017 साली जाहिरातीत लाल द्रव दाखवला तर तीच बातमी झाली, म्हणजे बघा. मुलांना कुजबुजायला काहीतरी झाकलेलं लागतं, इथे झाकलेलंच काही ठेवलं नाही.

आता दाराच्या आतलं वाक्य. हे माझं सगळ्यात आवडतं आणि याच्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. पहिल्यांदा पॅड वापरणारी मुलगी हमखास गोंधळते की चिकट बाजू कुठे, काही जणी ती चक्क अंगाकडे करतात, विंग्जचे कागद तसेच ठेवतात. म्हणून मी लिहिलं: "कागद काढ. चिकट बाजू चड्डीला, मऊ बाजू तुझ्याकडे. विंग्ज खालून दुमड." चड्डी शब्दावर शांतता पसरली. मग पर्याय आले, अंतर्वस्त्र, आतील कपडे, एकाने "संबंधित वस्त्र" म्हटलं, मी खोटं सांगत नाही. मी त्या दोन मुलींना विचारलं की तुम्ही घरी काय म्हणता, त्या हसल्या आणि म्हणाल्या चड्डीच. झालं, विषय संपला. ज्या मुलीच्या हातात पॅड आहे आणि जीव घाबरलाय तिला अंतर्वस्त्र शब्द डीकोड करत बसायला लावू नका. हे वाक्य दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर डोळ्यांच्या उंचीवर लावायचं. बाहेर लावून उपयोग नाही, तिथे ते वाचत थांबायला कुणाला वेळ असतो.

त्याच्याच खाली: "वापरलेलं पॅड गुंडाळून डब्यात. फ्लश केलं तर फुगून पाइप तुंबतो." कारण सांगितलं की मुलं ऐकतात, नुसतं "फ्लश करू नये" म्हटलं की ती एक सूचना होऊन जाते. पॅडच्या आत द्रव शोषून जेल होणारी पावडर असते, ती पाण्यात पडली की भरपूर पाणी पिऊन फुगते आणि वळणावर जाऊन बसते. पण हे लिहायचं तर प्रत्येक टॉयलेटच्या आत झाकणाचा डबा पाहिजे, बाहेर बेसिनपाशी नाही, आणि तो रोज रिकामा झाला पाहिजे. डबा नसताना हे वाक्य म्हणजे निव्वळ चेष्टा.

वर्गासाठीचं वाक्य खरं तर शिक्षकांसाठी आहे: "'जाऊन येते' एवढं सांगितलं की पुरे." कारण न विचारता. हे छापण्याआधी मुख्याध्यापिका बाईंनी ते सगळ्या स्टाफसमोर मान्य केलं, आणि ते गरजेचं होतं, कारण भिंतीवर एक आणि वर्गात "आत्ताच तर सुट्टी झाली, बस खाली" असं दुसरं चाललं तर मुली भिंतीवर परत विश्वास ठेवत नाहीत.

विश्वासावरून आठवलं, "कधीही, केव्हाही" आणि "24 तास तुमच्यासोबत" असली वाक्यं मी का काढली ते. बऱ्याच मशीनमध्ये स्प्रिंगसारखी एक गुंडाळी असते, बटण दाबलं की ती एक वेढा फिरते आणि पुढचं पॅड खाली पडतं. पाकीट त्या वेढ्यापेक्षा जाड असलं किंवा भरताना तिरकं बसलं तर मोटर फिरते, आवाज येतो, पॅड मात्र मध्येच लटकतं. आणि ज्या मशीनला पॅड खरंच पडलं का ते कळत नाही, नुसते वेढे मोजले जातात, तिथे आकडा कमी होत जातो, दिवा हिरवाच राहतो आणि बाहेर मुलगी रिकाम्या हाताने उभी. ओळखायची खूण सोपी आहे, मशीन उघडल्यावर आत उरलेली पॅड आणि आकड्याप्रमाणे उरायला हवीत ती पॅड जुळत नाहीत. दुसरी बाजू म्हणजे भरणाराच नसतो. मशीन आलं तेव्हा फोटो निघाले, पण दर सोमवारी कोण भरणार हे ठरलंच नाही असं फार ठिकाणी होतं.

म्हणून मशीनवरच्या मुख्य वाक्याखाली आम्ही दुसरी ओळ टाकली: "पॅड पडलं नाही? बेसिनखालच्या खोक्यातून घे." आणि बेसिनखाली खरंच एक खोकं ठेवलं, न कुलूप लावलेलं. एका पालकांना काळजी होती की मुली जास्तीची उचलतील. उचलू देत की. चारेक तासांनी पॅड बदलावं लागतं, दिवसाला एकाने कुणाचं भागत नाही, एखादीने घरी जाताना दोन नेली तर तिला ती लागणारच होती.

वाक्यं कुणाला आपल्या शाळेसाठी हवी असतील तर खुशाल घ्या, माझं नाव वगैरे नको. फक्त लॅमिनेशन करून लावा, टॉयलेटमधल्या ओलीने साधा कागद आठवड्यात फुगून सुटतो, आणि कृपा करून कडेने गुलाबी फुलांची बॉर्डर काढू नका, तेवढ्याच जागेत अक्षर मोठं करा.