‘सगळ्यांसाठी’ लिहिलेला ओव्हरव्ह्यू प्रकाशक बाजूला ठेवतो

“प्रकाशकाला पाठवायच्या प्रपोजलमध्ये ओव्हरव्ह्यू, म्हणजे पुस्तकाची सुरुवातीची ओळख, लिहिताना तीन गोष्टी ठासून सांगा: पुस्तक सगळ्यांसाठी आहे, मार्केट कोटींचं आहे, आणि या विषयावर मराठीत एकही पुस्तक नाही. मग प्रकाशक नाही म्हणूच शकत नाही.”

असा सल्ला नवीन लेखकांना मिळतो. ह्या तिन्ही गोष्टी मी लातूरच्या एका काकांच्या प्रपोजलमधून नुकत्याच काढायला लावल्यात, म्हणून बोलतो. काका आयुष्यभर भूजलाच्या कामात होते आणि पुस्तक बोअरवर आहे. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “शेतकरी, विद्यार्थी, गृहिणी, अभ्यासक आणि पाण्याविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकासाठी.” मी विचारलं, काका, तुम्हाला फोन कोण करतं? त्यांच्याकडं वही होती, ती उघडून बघितली तर निम्म्याहून जास्त फोन घर बांधायला काढलेल्या लोकांचे, गावाच्या कडेला नवीन प्लॉटिंग, नळ अजून आलेला नाही, आणि बोअर घ्यायचा का, किती फूट, कुठं थांबायचं हे दोन-तीन महिन्यांत ठरवायचंय. मग वाक्य झालं: “लातूर, धाराशिव, बीडसारख्या शहरांच्या कडेला नळ न पोचलेल्या प्लॉटवर पहिलं घर बांधणारं कुटुंब.” दुसरा वाचक अपार्टमेंटचा सेक्रेटरी, ज्याचा जुना बोअर आटलाय. शेतकरी काढायला लावला तेव्हा काका नाराज झाले, “अरे शेतकऱ्याला सोडून पुस्तक काय करूलालास?” पण सिंचनाचं गणित वेगळं, त्यावर पुस्तकात एकच प्रकरण आहे. एका प्रकरणाच्या जोरावर शेतकऱ्याला मुख्य वाचक म्हटलं तर संपादक अनुक्रमणिका उघडेल आणि तिथंच विश्वास उडेल.

आता कोटींचं. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्याचे आठ जिल्हे मिळून सुमारे १.८७ कोटी लोक आहेत, काकांनी तोच आकडा टाकला होता. आकडा खरा आहे पण तो लोकसंख्येचा आहे, गिऱ्हाइकाचा नाही. तसंच २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तो प्रसंग अर्धं पान होता, तो वाचून पाण्याची टंचाई कळते, पुस्तकाची गरज कळत नाही. गरज दाखवायची तर हा माणूस आज काय करतोय आणि त्यात त्याचं कुठं नुकसान होतंय हे लिहावं लागतं. तो पाणाड्याला बोलावतो, नाहीतर शेजाऱ्याला ३०० फुटाला लागलं म्हणून आपणही ३०० धरतो. आपल्याकडचा खडक बसाल्ट, पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांमधे, म्हणून शेजारच्या प्लॉटचा आकडा आपल्याला लागू होईलच असं नाही. आणि बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याचा रेट फुटावर असतो, त्यामुळं “आता थांबा” म्हणण्यात त्याचा फायदा नाही. ही चार-पाच वाक्यं लिहिली आणि रेल्वेचा प्रसंग एका ओळीवर आणला, एवढ्यानं ओव्हरव्ह्यू दीड पानात बसला.

“एकही पुस्तक नाही” हे सगळ्यात घातक. प्रकाशकाला त्यातून ऐकू येतं की हे दुकानात कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते लेखकालाच माहीत नाही, किंवा घेणाराच नाही. मी हे म्हटलं तर काकांनी दुसऱ्या दिवशी तुलनेसाठी पी. साईनाथांचं ‘एव्हरीबडी लव्ह्ज अ गुड ड्रॉट’ टाकलं. पण ते १९९६ चं आहे आणि गावागावातली पत्रकारिता आहे, ते वाचणारा माणूस बोअरचा सल्ला शोधत नसतो, आणि एवढ्या गाजलेल्या पुस्तकाशी तुलना केली की लेखकाला मार्केटचा अंदाज नाही असंच वाटतं. तुलनेला विषय सारखा असण्यापेक्षा वाचक सारखा असणं जास्त कामाचं. मग काका दुकानात गेले, घरबांधणीच्या कप्प्यापुढं उभे राहिले, मागच्या पाचेक वर्षांतली चार पुस्तकं निवडली: बांधकाम मार्गदर्शन, वास्तू, पावसाचं पाणी साठवणं, आणि एक भाषांतरित. प्रत्येकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, किंमत, पानं लिहिली. विक्रीचे आकडे आपल्याला मिळत नाहीत, पण आतल्या पानावर पहिली आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाची सालं असतात, तीन वर्षांत दोनदा छापलं असेल तर ते चालतंय एवढं कळतं (एका वेळी किती प्रती काढल्या ते मात्र नाही, म्हणून त्यावरून हजारांचे दावे करू नका).

आणि प्रत्येक पुस्तकाखाली दोनच वाक्यं, शिव्या न देता. बांधकामाच्या पुस्तकाखाली काकांनी शेवटी असं लिहिलं: “हे पुस्तक पायापासून स्लॅबपर्यंत खर्च सांगतं आणि पाण्याला दोन पानं देतं. आमचा वाचक हे घेतोच, ती दोन पानं संपतात तिथून आमचं पुस्तक सुरू होतं.” ते वाचून प्रकाशकानं खोदाई कुठं थांबवायची ते प्रकरण नमुना म्हणून मागितलंय, काका सध्या तेच लिहितायत.